ट्रिस बफर बनवताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बेंचवर पीएच ७.५ सेट करायचा, बाटलीवर ७.५ लिहायचं आणि बाटली थेट कोल्ड रूममध्ये न्यायची. अरे, ट्रिसचा पीएच तापमान एक डिग्री उतरलं की साधारण ०.०२८ ने चढतो, म्हणजे २५ डिग्रीला ७.५ असलेला बफर ४ डिग्रीला ८.१ होतो आणि ३७ ला ७.२ च्या आसपास येतो.

ओळखीच्या एका लॅबमध्ये हिवाळ्यात क्यू कॉलमवर प्रोटीन छान वेगळं होत होतं. मे महिन्यात तेच प्रोटीन जास्त मिठाला उतरायला लागलं, सोबत नको असलेला एक बँड घेऊन. रेझिन खराब झालं म्हणून नवीन पॅक केलं, तरी तेच. कॉलम दोन्ही वेळा ४ डिग्रीलाच चालायचा, पण बफर मात्र बिनएसीच्या खोलीत बनायचा, हिवाळ्यात साधारण २० डिग्रीला आणि मेमध्ये ३५ ला. आता हिशोब करा: बेंचवर दोन्ही वेळा ७.५, पण कोल्ड रूममध्ये एकदा ७.९५ आणि एकदा ८.३५ च्या वर. पीएच चढला की प्रोटीनवर निगेटिव्ह चार्ज वाढतो, ते रेझिनला जास्त घट्ट धरतं, म्हणून उशिरा उतरतं. बाटलीवर तापमान लिहिलेलं असतं तर रेझिनचे पैसे वाचले असते.

माझी सवय अशी, मीठबीठ सगळं विरघळवून ९० टक्के व्हॉल्यूमला थांबते, बफर आणि कॅलिब्रेशनची सोल्युशन्स दोन्ही वापरायच्या तापमानाला आणते, मगच मीटर लावते, आणि थंडीत इलेक्ट्रोड हळू स्थिरावतो म्हणून रीडिंग थांबेपर्यंत वाट बघते. नवशिक्यांना हीच वाट बघवत नाही. २५ ला ६.९ सेट केलं की ४ ला ७.५ मिळतो हे खरं, पण ४ डिग्रीला ट्रिसचा पीकेए ८.७ च्या जवळ असतो, म्हणजे ७.५ ला त्याची बफरिंग कमजोरच, तिथे सरळ हेपेस घ्या.

मीटरमधलं ऑटो टेम्परेचर करेक्शन फक्त इलेक्ट्रोडचा स्लोप सुधारतं, बफरचा पीएच २५ डिग्रीवरचा करून दाखवत नाही, हे कितीदा सांगायचं.

कॉन्संट्रेटेड एचसीएल टाकल्यावर बीकर गरम होतो, तेव्हा घेतलेलं रीडिंग कमी दिसतं आणि गार झाल्यावर पीएच वर जातो. गार होऊ द्या.

१०एक्स स्टॉक दहापट पातळ केला की पीएच साधारण ०.१ ने खाली येतो. जेल रनिंगला चालतं, कॉलमला किंवा एन्झाइम असेला नाही. तिथे वर्किंग सोल्युशनच मोजा, आणि बाटलीवर "पीएच ८.०, ४ डिग्रीला" असं पूर्ण लिहा.