संध्याकाळी घोटे सुजतात? या चुका टाळा

“डॉक्टर, सांजले पाय सुजी जातस, सकायले उतरी जातस. मंग काय टेन्शन?”

मे महिन्यातली गोष्ट. जळगावच्या फुले मार्केटमध्ये कापडाच्या दुकानात काम करणारे एक दादा समोर बसले होते. वय ५४, सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत काउंटरमागे उभं राहणं, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची गोळी चालू. टेन्शन नव्हतं म्हणत होते, पण चार महिन्यांत त्यांनी घरच्या घरी बरेच उपाय करून पाहिले होते. पाणी कमी केलं होतं. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मेडिकलमधून लघवीची गोळी आणली होती. गुडघे दुखतात म्हणून रोज डायक्लोफेनॅक. आणि साध्या मिठाऐवजी सैंधव.

त्यांचं पहिलं वाक्यच पहिली चूक आहे. सकाळी सूज उतरते म्हणजे ती साधी, असं नसतं. उभं राहिलं की पाणी खाली साचतं आणि आडवं झालं की परत रक्तात जातं. सुरुवातीच्या दिवसांत हृदयाच्या आजाराने पायांवर आलेली सूजही अशीच सकाळपर्यंत ओसरते. त्यामुळे सूज का आली हे फक्त पायांकडे बघून कळत नाही. उशी, डोळे, लघवी आणि वजनकाटा यांनाही विचारावं लागतं.

आधी पायाचं गणित पाहू. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत साधारण ९० मिलिमीटर दाब असतो. चालायला लागलं की पोटऱ्या आवळतात, रक्त वर ढकलतात आणि निरोगी शिरांत तो दाब ३०च्या खाली येतो. म्हणून दिवसभर शेतात फिरणाऱ्यापेक्षा काउंटरमागे खिळून उभ्या असलेल्याचे पाय जास्त सुजतात. रक्त खाली परतू न देणाऱ्या शिरांमधल्या झडपा सैल पडल्या असतील तर चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. त्यात आपल्याकडचा ४४ अंशांचा उन्हाळा. उष्णतेने रक्तवाहिन्या फुलतात आणि सूज वाढते.

दादांना मी चार प्रश्न विचारले.

झोपताना किती उश्या लागतात? आडवं झाल्यावर दम लागत असेल, रात्री धाप लागून उठून बसावं लागत असेल, जिना चढणं अलीकडे जड जात असेल, तर संशय हृदयावर. सकाळी डोळ्यांखाली सूज, लघवीला न विरणारा फेस? मग मूत्रपिंडातून प्रथिनं गळत असावीत. मधुमेह असेल तर हा प्रश्न टाळूच नये. वजन? सूज डोळ्यांना दिसायच्या आधी अंगात दोन-तीन लिटर पाणी साठलेलं असू शकतं. म्हणून सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, रोज एकाच काट्यावर वजन करावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते खाण्यामुळे नसतं. चौथा प्रश्न, दोन्ही पाय सारखेच सुजतात का?

पहिल्या तिन्हींना उत्तर ‘नाही’. चौथ्याला म्हणाले, डावा जरा जास्त. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या वर अंगठा दहा सेकंद दाबून धरला; खळगा पडला. डाव्या पोटरीवर फुगलेल्या वेड्यावाकड्या शिरा होत्या आणि घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तपकिरी झाली होती, खाजही होती. ती खूण शिरेच्या आजाराची, आणि ती वर्षानुवर्षांत तयार होते. हृदयामुळे किंवा मूत्रपिंडामुळे आलेली सूज बहुधा दोन्ही पायांवर असते. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते आणि गरम लागते, तर मात्र शिरेत गुठळी असू शकते. अशा पायाला तेल लावून चोळू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत छातीत दुखलं किंवा दम लागला तर क्लिनिकच्या रांगेत न बसता थेट मोठं हॉस्पिटल.

दादांच्या लघवीत प्रथिनं नव्हती, हृदयाचा ईसीजी आणि टूडी इको ठीक. पण मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.६ आलं, सहा महिन्यांपूर्वी ते १.१ होतं. म्हणजे सूज मूत्रपिंडामुळे नव्हती, सुजेवरच्या उपायांनी मात्र मूत्रपिंडाला मार बसला होता.

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, त्यामुळे सूज वाढते. ती उतरावी म्हणून लघवीची गोळी. वरून टेल्मिसार्टन, कमी पाणी आणि मे महिन्याचं ऊन. एकेकटं औषध वाईट नाही, पण ही तिन्ही औषधं एकत्र आली आणि अंग कोरडं पडलं की मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं. शिवाय शिरेची सूज लघवीच्या गोळीने फारशी हटत नाही, कारण तिथे प्रश्न अंगातल्या जास्तीच्या पाण्याचा नसून खाली अडकलेल्या पाण्याचा आहे. अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने येणाऱ्या सुजेचंही तेच. ती गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. ते बदलून देतील, मनाने बंद करू नका. पाणी मोजून पिणं हृदय किंवा मूत्रपिंडाच्या ठरावीक रुग्णांसाठी, आणि तेही डॉक्टर सांगतील तेवढंच.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून थोडं कमी. दादा म्हणाले, “मी तर वरून मीठ घेतच नाही.” खरं होतं. पण दुपारच्या डब्यात कैरीचं लोणचं आणि ठेचा, जेवताना दोन उडदाचे पापड, आठवड्यातून तीनदा हॉटेलची शेवभाजी. शेवेत मीठ, रश्श्यात मीठ. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो. तो जिभेला खारट लागत नाही, पण सोडियम त्यातही आहे. सैंधवही बहुतांश सोडियम क्लोराइडच, त्याने सूज उतरत नाही. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्याने किंवा मूत्रपिंड दुबळं असलेल्याने ते विचारल्याशिवाय वापरू नये.

डायक्लोफेनॅक आणि लघवीची गोळी बंद केली, पाणी पूर्ववत केलं. पायांच्या शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी करायला पाठवलं. शिरांच्या झडपा गळतात का हे रुग्णाला उभं करून पाहावं लागतं, नुसतं झोपवून नीट कळत नाही. डाव्या पायात गळती निघाली. पावलावरची नाडी नीट लागत होती, म्हणून गुडघ्यापर्यंतचे, घोट्याजवळ २० ते ३० मिलिमीटर दाब देणारे मोजे दिले. नाडी लागत नसेल तर हेच मोजे पायाचा रक्तपुरवठा तोडू शकतात. मधुमेही आणि विडी-सिगारेटवाल्यांनी तपासल्याशिवाय घालू नयेत. मोजे सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वी घालायचे. दादा आठवडाभर ते संध्याकाळी सुजलेल्या पायांवर चढवत होते आणि “मोजे रुततात” म्हणून तक्रार करत होते. रात्री पाय स्टुलावर ठेवून टीव्ही बघणंही पुरत नाही. पाठीवर झोपून, पाय छातीपेक्षा वर, पंधरा-वीस मिनिटं. काउंटरमागे दर अर्ध्या तासाने वीस वेळा टाचा वर-खाली. हे ते गिऱ्हाईक कापड न्याहाळत असताना करतात.

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा १.१. सूज महिन्याभरात बरीच ओसरली, डाव्या घोट्यावर लग्नसराईत अजून थोडी येते. शिरेवरच्या लेझरचा विचार दिवाळीनंतर करू म्हणाले. पापड सुटला. शेवभाजी सुटलेली नाही. आठवड्यातून एकदा, रस्सा निम्मा ठेवून.