नळाच्या पाण्याचा किलोलीटरमागे खर्च कसा काढावा: कोकणातल्या एका गावाचा हिशेब

ग्रामसभेत पाणीपट्टी वाढवायचा विषय निघाला की कोणीतरी विचारतेच, "पण ग्रामपंचायतीला पाणी पडतं तरी कितीला?" बहुतेक ठिकाणी उत्तर म्हणून वर्षाचा एकूण खर्च सांगितला जातो, किंवा त्या खर्चाला उपसलेल्या पाण्याने भागून आकडा काढला जातो. पहिल्या उत्तरातून काहीच कळत नाही आणि दुसरे चुकीचे आहे. लोकांच्या हंड्यात जे पाणी पडते त्याचा दर हवा असेल, तर भागायचे ते घरापर्यंत पोचलेल्या पाण्याने.

उदाहरणासाठी किनाऱ्यावरचे, कोकणात पुष्कळ दिसते तशा रचनेचे एक गाव धरू. नदीकाठी पाणी उपसायची विहीर म्हणजे जॅकवेल, तिथून पंपाने दाबनलिकेतून पाणी वर सड्यावरच्या जलशुद्धीकरण केंद्रात, शेजारी साठवण टाकी, आणि तिथून उताराने खालच्या वाड्यांना. वस्ती ५,०००, नळजोडण्या १,११०. पुढचे दर आणि पगार हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या बिलांतले आकडे घालायचे. मोजायची रीत मात्र हीच ठेवावी.

आधी पाणी मोजा, पैसे नंतर

१ किलोलीटर म्हणजे १,००० लीटर, म्हणजेच १ घनमीटर. तीन आकडे हवेत: नदीतून उपसलेले पाणी, शुद्ध होऊन टाकीत आलेले पाणी आणि घरी पोचलेले पाणी.

टाकीवर मोठे मीटर नसेल किंवा असून बंद असेल, तर टाकीच मापाचे भांडे होते. पहाटे गावाचे व्हॉल्व उघडण्याआधी टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व पूर्ण बंद करा. आत मोजपट्टी सोडून पातळी टिपा, पंप नेहमीसारखा चालू ठेवा आणि बरोबर अर्ध्या तासाने पुन्हा पातळी पाहा. आपली टाकी गोल, आतून ८ मीटर व्यासाची आहे, म्हणजे तळाचे क्षेत्रफळ ५०.३ चौरस मीटर. अर्ध्या तासात पातळी ४८ सेंटीमीटर चढली, तर सुमारे २४ किलोलीटर पाणी आले, ताशी ४८. पंप दिवसाला १२ तास चालतो, म्हणून दिवसाला ५७६ किलोलीटर. हेच माप वेगवेगळ्या दिवशी तीनदा घ्या. आकडे फार पुढेमागे होत असतील तर व्हॉल्व पूर्ण बसत नसावा, असा पहिला संशय घ्यावा.

गाळण्या उलट धुताना आणि गाळ सोडताना पाणी जाते. आपल्या केंद्रात ते ४ टक्के धरू. दाबनलिका धड असेल तर नदीतून ६०० किलोलीटर उपसावे तेव्हा टाकीत ५७६ येते.

घरी किती पोचते हे काढायला सगळ्यांकडे मीटर असायची गरज नाही. ३० घरांना आठवडाभरासाठी मीटर बसवा, पण घरे निवडताना सोय पाहू नका. प्रत्येक वाडीच्या लाइनवरचे सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे घर घ्या. टाकीजवळच्या घरांपुरते माप घेतले तर गळती कमी दिसते, कारण पाणी तिथे जोरात येते. आणखी एक गोष्ट: आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला सुटते, त्यामुळे रिकाम्या पाइपातली हवा आधी बाहेर पडते आणि ती मीटरचे काटे पाण्याआधीच फिरवते. म्हणून दोन-चार घरांत मापाची बादली भरून मीटर ताडून पाहा. समजा, सरासरी घरटी दिवसाला ३६० लीटर आली. १,११० घरांचे झाले ४०० किलोलीटर.

टाकीत आले ५७६, घरी पोचले ४००. वाटेत गेले १७६, म्हणजे जवळजवळ ३१ टक्के. यात फुटक्या पाइपाचे पाणी आहे, टाकी भरून वाहते ते आहे आणि बेकायदा जोडण्यांचेही आहे. जांभ्याच्या जमिनीत फुटलेल्या पाइपाचे पाणी वर येईलच असे नाही. ते सच्छिद्र दगडातून खाली मुरते, रस्ता कोरडा राहतो. म्हणून "गळती दिसत नाही" हा पुरावा इथे चालत नाही.

वीज

बिलातून रक्कम घेताना एक चूक हमखास होते. ग्रामपंचायतीने वर्षात भरलेले पैसे धरले जातात. त्यात मागच्या वर्षाची थकबाकी आणि तिचे व्याज असते, किंवा यंदाची तीन बिले भरलेलीच नसतात. एप्रिल ते मार्च अशी बारा बिले समोर घ्या आणि प्रत्येकातले फक्त चालू महिन्याचे देयक धरा, त्यातल्या मागणी आकारासकट, म्हणजे वापर कमी झाला तरी लागणाऱ्या ठरावीक आकारासकट.

मग युनिट पाण्याशी ताडून बघा. १ किलोलीटर पाणी १ मीटर उचलायला, काहीही वाया गेले नाही तर, ०.००२७ युनिट लागते. आपल्या गावात नदीपासून केंद्रापर्यंत ८५ मीटर चढ आहे, पाइपातल्या घर्षणाचे १५ मीटर धरून १०० मीटर. म्हणजे किमान ०.२७ युनिट. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरली तर किलोलीटरला ०.५४५ युनिट, वर्षाच्या २,१९,००० किलोलीटरला सुमारे १,२०,००० युनिट. सगळे आकार धरून युनिटला ८ रुपये पडत असतील तर ९,६०,००० रुपये.

एवढ्याच उंचीला तुमच्याकडे किलोलीटरचा हा आकडा ०.८ युनिट आला, तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुराच्या पाण्यातल्या वाळूने पंपातले फिरते चाक, म्हणजे इंपेलर, झिजलेले असते, किंवा दाबनलिकाच कुठेतरी फुटलेली असते आणि वर पोचण्याआधी पाणी परत नदीत जाते. युनिट तेवढेच राहून बिल फुगले असेल तर कपॅसिटर तपासा आणि बिलात पॉवर फॅक्टरची आकारणी आहे का ते पाहा. आकडा ०.५ च्या खाली, अगदी संशय यावा इतका छान आला, तर नोंदवही बघा. वीज गेलेली असतानाचे तासही "पंप चालू" म्हणून लिहिले गेलेले असतात, मग उपसा कागदावर वाढतो.

शुद्धीकरण

ही बाब समजते तेवढी मोठी नसते. मात्र कोकणात ती महिन्यागणिक बदलते, म्हणून एका महिन्याला बाराने गुणून चालत नाही. लीटरला १ मिलिग्रॅम मात्रा म्हणजे किलोलीटरला १ ग्रॅम, एवढे लक्षात ठेवले की हिशेब सोपा. पावसाळ्याचे चार महिने गढूळ पाण्याला सरासरी ४० ग्रॅम तुरटी आणि एरवी १० ग्रॅम धरली, तर वर्षाला सुमारे ४,४०० किलो लागते. पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरवर क्लोरीन ३३ टक्के लिहिलेले असले तरी आपल्या दमट हवेत उघड्या पोत्यातली पावडर भराभर उतरते. ती २५ टक्क्यांवर आली की २ ग्रॅम क्लोरीनसाठी ६ ऐवजी ८ ग्रॅम पावडर टाकावी लागते. शेवटच्या नळाला लीटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेच पाहिजे, तेव्हा मात्रा कमी करून पैसे वाचवायचे नाहीत. पोती कोरडी आणि बंद ठेवून वाचवायचे. तुरटी, पावडर, पाण्याच्या तपासण्या आणि गाळणीतली वाळू मिळून १,८०,००० रुपये धरू.

माणसे आणि बाकीचे

दोन पंप ऑपरेटर, केंद्रावर एक, तीन व्हॉल्वमन, एक फिटर. सात माणसांचे मानधन आणि भविष्य निर्वाह निधीचा वाटा मिळून महिन्याला सरासरी १५,००० धरले तर वर्षाला १२,६०,०००. कारकून अर्धा वेळ पाणीपट्टीचे काम करतो, म्हणून त्याचा अर्धा पगार, १,०८,०००. एकूण १३,६८,०००. हा अर्धा पगार सोडून दिला जातो, कारण तो दुसऱ्या खात्यातून निघतो. आणि व्हॉल्वमन दिवाबत्तीचेही काम बघत असेल, तर तेवढा वेळ वजा करणेही तितकेच जरुरीचे आहे.

पाटबंधारे खात्याची कच्च्या पाण्याची आकारणी ६६,०००, दुरुस्त्या आणि मोटर रिवाइंडिंग ३,६०,०००, छपाई आणि किरकोळ ६६,०००. सगळे मिळून ३०,००,००० रुपये.

उपशाने भागले तर किलोलीटरला १३ रुपये ७० पैसे. पोचलेल्या १,४६,००० किलोलीटरने भागले तर २० रुपये ५५ पैसे. खरा चालू खर्च म्हणजे हा दुसरा आकडा. त्यात "गळतीचा खर्च" म्हणून वेगळी रक्कम मिळवू नका. गळती भाजकात आधीच आलेली आहे, मिळवली तर ती दोनदा मोजली जाते.

पंप आणि पाइप कधीतरी बदलावेच लागणार. ८ लाखांचा पंपसंच १० वर्षांत आणि दीड कोटीच्या नलिका ३० वर्षांत विभागल्या, तर घसारा म्हणून वर्षाला ५,८०,००० बाजूला पडायला हवेत. मग दर २४ रुपये ५० पैशांवर जातो. योजना अनुदानातून झाली असली तरी ही रक्कम दाखवावी, पण वेगळ्या ओळीत. घरटी पाहिले तर चालू खर्च महिन्याला २२५ रुपये, घसाऱ्यासह २६९.

गळती थांबवली तर किती वाचते?

समजा दुरुस्ती करून रोजची गळती ६० किलोलीटरने कमी केली. "६० गुणिले २० रुपये ५५ पैसे" असे सांगू नका. व्हॉल्वमनचा पगार काही कमी होत नाही. वाचते ती वीज, रसायने आणि कच्च्या पाण्याची आकारणी, म्हणजे टाकीतल्या किलोलीटरमागे सुमारे ५ रुपये ७५ पैसे. मागणी आकार कमी होत नसल्याने प्रत्यक्षात त्याहूनही थोडे कमीच. पंप तेवढा कमी चालवलात तर दिवसाला साधारण ३४५ रुपये. पंप तसाच चालवून ते पाणी घरांना दिलेत तर खर्च तोच राहतो आणि दर १७ रुपये ८७ पैशांवर येतो.

मे महिन्यात मात्र हिशेब पालटतो. नदीचा डोह आटतो, खाडीलगतच्या विहिरी मचूळ होतात आणि सड्यावरच्या वाड्यांना टँकर लागतात. १०,००० लीटरचा टँकर ३,००० रुपयांना पडत असेल तर किलोलीटरला ३०० रुपये. तेव्हा तेच ६० किलोलीटर म्हणजे सहा टँकर, दिवसाला १८,००० रुपये. म्हणून टँकरचा खर्च वर्षाच्या सरासरीत मिसळू नये, त्याचे पाणी आणि पैसे वेगळे लिहावेत. पाइप शोधायचे आणि सांधे बदलायचे काम जानेवारी-फेब्रुवारीत उरकावे. पाऊस थांबलेला असतो, खोदलेला चर कोरडा राहतो आणि उन्हाळ्याला अजून दोन महिने असतात. सुरुवात घरजोडण्यांपासून करावी. आपल्याकडचे पाणी आणि जांभ्याची माती किंचित आम्लधर्मी असते, वर खारी हवा, त्यामुळे जीआय पाइपाचे जोड आधी गंजतात.