ऑफर लेटरमधलं पद बदलून मागताय? या चुका टाळा

चाकणच्या एका कारखान्याची ऑफर बुधवारी आली असं धरा. पगार ठरल्याप्रमाणे आहे, शुक्रवार संध्याकाळपर्यंत होकार द्यायचा आहे. पदापुढे मात्र 'सीनियर इंजिनिअर, क्वालिटी' असं लिहिलंय. मुलाखतीत काय ठरलं होतं? सहा इन्स्पेक्टर हाताखाली, सप्लायर ऑडिट तुमच्याकडे आणि रिपोर्टिंग थेट प्लांट हेडला. म्हणजे काम टीम लीडचं आहे.

पहिली चूक इथेच होते: थेट 'मॅनेजर' मागणं. बहुतेक मोठ्या कंपन्यांत पद ग्रेडला बांधलेलं असतं आणि ग्रेडला पगाराची चौकट. वरच्या ग्रेडचं पद मागितलंत की एचआरला नव्याने मंजुरी काढावी लागते आणि तुमचा शुक्रवार निघून जातो. म्हणून आधी फोनवर विचारा, "याच ग्रेडमध्ये आणखी कोणती पदं आहेत?" त्यात 'टीम लीड' असेल, तर बऱ्याचदा एका ओळीच्या दुरुस्तीवर काम भागतं.

दुसरी चूक म्हणजे 'पद बदलत असेल तर येतो' असं कळवणं. हा होकार नव्हे. रिक्रूटर फाइल बाजूला ठेवतो आणि यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला फोन जाऊ शकतो. पद हीच तुमची अट असेल तर तसं स्पष्ट सांगा, पण मग उशिराची तयारीही ठेवा. ती अट नसेल, तर बुधवारीच मेल करा:

"पगार आणि रुजू होण्याची तारीख मला मान्य आहे, शुक्रवार संध्याकाळपर्यंत सही करून पाठवतो. एक विनंती: जबाबदाऱ्यांमध्ये सहा जणांची टीम आणि सप्लायर ऑडिट आहे, तेव्हा याच ग्रेडमध्ये 'टीम लीड, क्वालिटी' हे पद देता येईल का? सुधारित पत्र नंतर आलं तरी चालेल."

मेलमध्ये हायरिंग मॅनेजरला सीसीत ठेवा. काम काय आहे हे त्यालाच ठाऊक असतं. मुलाखतीत काय बोललं गेलं याचा पाढा वाचू नका, जबाबदाऱ्यांच्या दोन ओळी पुरतात.

शुक्रवार दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर? आहे त्या पत्रावर सही करा. सहीच्या पानावर पेनाने पद खोडून नवं लिहायचा मोह आवरा, असं पत्र परत येतं.

"जॉइन झाल्यावर बघू" हे उत्तर मात्र फोनवरच सोडू नका. 'प्रोबेशननंतरच्या कन्फर्मेशनच्या वेळी पदाचा विचार होईल, असं आपलं बोलणं झालं' एवढं मेलवर टाकून ठेवा. काही ठिकाणी सिस्टीममधलं पद तेच ठेवून व्हिजिटिंग कार्डावर वेगळं पद देतात. कंपनीने तशी तयारी दाखवली तर एक प्रश्न विचाराच: अनुभव प्रमाणपत्रावर कोणतं येणार? पुढच्या नोकरीच्या वेळी पार्श्वभूमी तपासणीत साधारणपणे सिस्टीममधलंच पद कळवलं जातं, आणि बायोडेटात दुसरं असेल तर खुलासे तुम्हाला द्यावे लागतात.

बदल मंजूर झाला, तरी रुजू होताना अपॉइंटमेंट लेटर नीट वाचा. कधी कधी जुन्याच मसुद्यावरून ते छापलेलं सापडतं.