पाठीला पाठ लावलेला खोड-पान आलेख फोटोवरून कसा वाचावा

उदाहरणासाठी कोथरूड ते शिवाजीनगर प्रवासाला लागलेली मिनिटे घेऊ. आकडे सरावापुरते आहेत: डावीकडे बसच्या ११ फेऱ्या, उजवीकडे दुचाकीच्या १२.

```
      बस | खोड | दुचाकी
         |  १  | ८ ९
       ८ |  २  | १ २ २ २ ४ ६
   ९ ७ ४ |  ३  | १ ३
 ६ ६ ३ १ |  ४  | ५
     ५ २ |  ५  | ४
       १ |  ६  |
```

खोड म्हणजे दशक, पान म्हणजे एकक. त्यामुळे ८ | २ | १ या तुकड्यात बसची २८ मिनिटे आहेत आणि दुचाकीची २१.

आधी पाने मोजा. वहीच्या फोटोत डावी कड हमखास कापली जाते आणि बसची सगळ्यात बाहेरची पानेच गायब होतात. ११ आणि १२ भरली नाहीत, तर फोटो पुन्हा काढा. एखाद्या ओळीत पाने दाटीवाटीने लिहिली असतील तर ती ओळ उगाच आखूड दिसते, म्हणून लांबीवर न जाता पाने मोजलेलीच बरी.

आता मध्यक. बसची ११ निरीक्षणे आहेत, म्हणजे सहावे हवे. २ आणि ३ च्या ओळींत मिळून चार झाली, तेव्हा ४ च्या ओळीतले दुसरे. इथेच बहुतेक जण चुकतात. डावीकडची पाने खोडापासून बाहेर वाढत जातात, म्हणून मोजणीही खोडाकडूनच करायची: १, मग ३. मध्यक ४३. सवयीने डावीकडून उजवीकडे वाचले तर ४६ येते. दुचाकीची निरीक्षणे १२, म्हणून सहावे २२ आणि सातवे २४ यांची सरासरी: २३.

बहुलक म्हणजे सर्वांत लांब ओळ नव्हे. एकाच ओळीत, एकाच बाजूला सर्वाधिक वेळा आलेले पान शोधायचे. दुचाकीचा बहुलक २२, तीन वेळा. बसच्या बाजूला १ हे पानही दोनदा दिसते, पण ते ४१ आणि ६१ आहे. खरा बहुलक ४६. तोही दोनच फेऱ्यांवर उभा आहे, त्यातली एक बदलली की जातो. तुलनेला मध्यकच धरावा.

आकार पाहायला फोटो डावीकडे पाव फेरा फिरवा. दुचाकीची पाने वर उभी राहतात, बसची खाली लोंबतात, आणि लहान वेळा डाव्या हाताला येतात. बसचा फुगवटा मधोमध आहे आणि दोन्ही बाजूंना साधारण सारखा उतरतो, म्हणजे आकार जवळपास सममित. दुचाकीचा ढीग विशीत आहे आणि शेपूट ४५, ५४ पर्यंत लांबलेली, म्हणजे उजवीकडे कललेला. त्या शेपटीमुळे दुचाकीची सरासरी २८ च्या आसपास जाते, मध्यक मात्र २३ वरच राहतो. शेजारी दुचाकीची पाने नसली तरी ६ ची ओळ गाळू नका. मधलीच एखादी ओळ रिकामी असेल तर तीही ठेवा, नाहीतर आकारातली फट दिसणारच नाही.

उत्तर लिहिताना दोन्ही गट एकाच वाक्यात आणा: ‘बसचा मध्यक दुचाकीपेक्षा २० मिनिटांनी जास्त आहे, बसच्या वेळा मध्यकाच्या दोन्ही बाजूंना सारख्या पसरल्या आहेत, दुचाकीच्या बहुतेक तिशीच्या आत असून थोड्याच फेऱ्या फार लांबल्या आहेत.’