मेट्रोच्या गेटवर मोबाइल बंद पडला तर? क्यूआर तिकिटाच्या या चुका टाळा

कोकणातून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्याचा मोबाइल पहाटे दादरला पोचेपर्यंत निम्मा मेलेला असतो. रात्रभर गाणी किंवा व्हिडिओ चाललेले असतात, डब्यातला चार्जिंगचा सॉकेट कुणीतरी आधीच धरून बसलेला असतो आणि त्यात आपल्या मार्गावरचे बोगदे. रत्नागिरीजवळचा एकटा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. बोगद्यात आणि घाटात सिग्नल तुटला की मोबाइल तो पुन्हा पुन्हा शोधत राहतो आणि तुम्ही हात न लावताही बॅटरी उतरते. झोपण्यापूर्वी एअरप्लेन मोड चालू केला तर सकाळी निदान मेट्रोपुरती बॅटरी हाताशी राहते.

मोबाइलवरच्या तिकिटात खरी अडचण होते ती बाहेर पडताना, आणि बहुतेकांच्या ते लक्षात येत नाही. आत शिरलो म्हणजे तिकिटाचं काम झालं असं वाटतं आणि मोबाइल खिशात जातो. लोकलला ते चालून जातं, कारण तिथे बाहेर पडताना गेट नाही. मेट्रोत तेच तिकीट दोनदा दाखवावं लागतं.

हे का, ते आधी समजून घेऊ. क्यूआरच्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत तुमच्या तिकिटाचा क्रमांक, कुठून कुठे जायचंय, तिकीट कधी काढलं आणि ते खरं असल्याची डिजिटल खूण अशी माहिती भरलेली असते. गेटवरची काच म्हणजे एक छोटा कॅमेराच. तो कोड वाचतो, खूण तपासतो आणि या क्रमांकाचा माणूस अमुक स्टेशनात आत आला अशी नोंद करतो. उतरताना दुसरं गेट तोच कोड वाचून आतली नोंद आणि भाडं जुळतं का ते बघतं, आणि मगच दार उघडतं. तुमची नोंद यंत्रणेत असतेच, पण समोर उभा असलेला माणूस तोच आहे हे गेटला फक्त कोडवरून कळतं. स्क्रीन काळी असेल तर गेटच्या लेखी तुम्ही कुणीच नाही.

इथे एक मोठा गैरसमज पसरलेला आहे. परदेशात राहणारे नातेवाईक सांगतात की मोबाइल बंद झाला तरी गेटवर टेकवला की चालतो. ते खोटं नाही, पण ती व्यवस्था वेगळी आहे. तिथे तिकीट किंवा कार्ड मोबाइलच्या एनएफसी चिपमध्ये, म्हणजे नुसतं टेकवून वाचता येणाऱ्या चिपमध्ये असतं आणि आयफोन एक्सएस व त्यानंतरच्या मॉडेलांमध्ये बॅटरी संपल्यावरही काही तास, जास्तीत जास्त पाचेक तास, त्या चिपपुरती थोडी शक्ती मोबाइल राखून ठेवतो. तीही मोबाइल न उघडता चालावं म्हणून ‘एक्सप्रेस’ असं निवडून ठेवलेल्या कार्डापुरतीच. आपल्याकडे गुगल वॉलेट मे २०२४ मध्ये आलं ते तिकिटं आणि पास एका जागी ठेवण्यासाठी. त्यात मेट्रोचं तिकीट ठेवलं तरी गेटवर दाखवायचा असतो तो क्यूआरच, आणि क्यूआर दिसायला स्क्रीन पेटलेली लागते. वॉलेटमध्ये तिकीट ठेवलंय म्हणून बॅटरीची काळजी मिटली, असं समजू नका.

दुसरी चूक कुटुंबं हमखास करतात. सगळ्यांची तिकिटं एकाच मोबाइलवर काढतात. एक उदाहरण घेऊ. रत्नागिरीचा एक मुलगा मस्कतला नोकरीला निघालाय, वडील त्याला विमानतळापर्यंत सोडायला आलेत. तुतारी एक्सप्रेसने दोघं सकाळी दादरला उतरले. सामान घेऊन टॅक्सीत अडकण्यापेक्षा भुयारी मेट्रो ३ बरी म्हणून पश्चिमेकडे चालत दादर मेट्रो स्टेशनात गेले आणि मुलाने दोघांची विमानतळ टी-२ पर्यंतची तिकिटं स्वतःच्या मोबाइलवर काढली. बॅटरी सात टक्के. गेटवर आधी वडिलांचा कोड, मग बोट सरकवून स्वतःचा, दोघंही आत. शितलादेवी, धारावी, बीकेसी, वांद्रे कॉलनी, सांताक्रूझ, विमानतळाचं टी-१, सहार रोड अशी स्टेशनं गेली. तेवढ्या वेळात मुलाने एजंटला दोन मेसेज केले, नेटवर्क जात-येत होतं, आणि टी-२ ला उतरताना मोबाइल बंद. आता एक माणूस नाही, दोघं अडकले. वडिलांकडे साधा मोबाइल, त्यावर क्यूआर नाही. विमानाची वेळ जवळ येतेय.

अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे गेटसमोर बटण दाबत उभं राहू नये. पूर्ण उतरलेला मोबाइल दोन सेकंद उजळतो, कंपनीचं चिन्ह दाखवतो आणि पुन्हा मरतो, कारण चालू व्हायलाच बरीच शक्ती लागते. चार्जर मिळाला तर लगेच चालू करायची घाई करू नका. पाच-दहा मिनिटं बंद ठेवूनच चार्ज होऊ द्या, मग चालू करा आणि चालू झाल्याबरोबर फक्त तिकीट उघडा.

दुसरी गोष्ट, समोरच्या माणसाच्या पाठोपाठ गेटमधून घुसू नये. गेट ते ओळखतं, आणि तुमच्याकडे खरं तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट ठरता. मेट्रोच्या २००२ च्या कायद्यात तिकीट दाखवता न आल्यास भाडं आणि वर जादा आकार घेण्याची तरतूद आहे. तिसरी गोष्ट, चार्ज व्हायची वाट बघत आत फलाटावर बसून राहू नका. तिकिटाला आत राहण्याची ठरावीक मुदत असते. ती उलटली की चार्ज झालेला मोबाइलही गेट नाकारतो आणि वेळ जास्त झाल्याचे पैसे भरावे लागतात.

करायचं ते एकच. गेटच्या बाजूला काच लावलेला ग्राहक सेवा कक्ष असतो, थेट तिथे जायचं. या कक्षाशी गेटच्या आतल्या बाजूनेही बोलता येतं. तिथे रडगाणं न गाता चार गोष्टी नेमक्या सांगायच्या: कुठल्या स्टेशनात आत आलो, साधारण किती वाजता, तिकीट कुठून काढलं (ॲप, व्हॉट्सॲप की काउंटर) आणि ते कुठल्या मोबाइल क्रमांकावर आहे. नोंद सापडली तर कर्मचारी बाहेर पडायची सोय करून देऊ शकतात. नाही सापडली तर भाडं पुन्हा घेऊन बाहेर सोडणं त्यांच्या अधिकारात आहे. तेव्हा हुज्जत न घालता पावती घ्या आणि मोबाइल चालू झाल्यावर जुन्या तिकिटाचा क्रमांक जोडून तक्रार करा. वरच्या मुलाकडे वेळ नव्हता. अशा वेळी दोन भाडी पुन्हा भरून विमान गाठणं हाच शहाणपणा. मेट्रो ३ चं सगळ्यात मोठं भाडंच ७० रुपये आहे.

पण ती भाडी भरणार कशाने? ही तिसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी. मोबाइल मेला की तिकीट जातंच, सोबत यूपीआयही जातं. सिमकार्ड काढून दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये घातलं तरी यूपीआय लगेच चालत नाही. नव्या मोबाइलवर बँकेची पडताळणी पुन्हा करावी लागते. मोबाइलच्या कव्हरमागे घडी केलेली शंभराची नोट ठेवा, आणि आई-वडिलांच्या कव्हरमागेही. रोख दिली की काउंटरवर कागदी क्यूआर तिकीट मिळतं. कागदाला बॅटरी लागत नाही. एकाच मोबाइलवर सगळ्या घराचा भार टाकण्यापेक्षा म्हाताऱ्यांना कागदी तिकीट काढून देणं कधीही बरं. मात्र ते चुरगाळून खिशात कोंबू नका, उतरताना तोच कोड लागतो.

स्क्रीनशॉटचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. कोड स्थिर असेल तर स्क्रीनशॉट चालतो, आणि इंटरनेट नसतानाही उघडतो. भुयारी स्टेशनात हे फार उपयोगी पडतं, कारण तिथे मोबाइलच्या नेटवर्कचा भरवसा नाही. शक्यतो तिकीट जिना उतरण्याआधी, रस्त्यावरच काढा. तिकीट काढल्याबरोबर स्क्रीनशॉट सोबतच्या माणसाला पाठवून ठेवला असता तर वरचे दोघं अडकलेच नसते, अर्थात सोबत्याकडे स्मार्टफोन असता तर. पण काही ॲप कोड दर काही सेकंदांनी बदलतात. कोडखाली घड्याळ उलटं धावताना दिसलं किंवा चौकट हलताना दिसली तर स्क्रीनशॉट निरुपयोगी समजा. आणि एकच स्क्रीनशॉट दोघांनी वापरायचा विचार करू नका. त्या क्रमांकाचा माणूस आत गेल्याची नोंद झाली की दुसऱ्याला गेट अडवतं.

स्क्रीनशॉट कापताना कोडभोवतीची पांढरी पट्टी राहू द्या. कोड कुठे सुरू होतो हे कॅमेऱ्याला त्या पट्टीवरूनच समजतं. स्क्रीनवर एखादा ओरखडा असला तरी बहुधा चालतं, कारण कोडमध्ये माहिती थोडी जादा भरून ठेवलेली असते. पण बॅटरी पाच-दहा टक्क्यांवर आली की पॉवर सेव्हर स्क्रीन मंद करतो आणि मोबाइल चालू असूनही गेट उघडत नाही. लोक तिकिटालाच दोष देतात. गेटपाशी येण्याआधी ब्राइटनेस हाताने पूर्ण वाढवा, मोबाइल काचेपासून चार बोटं वर सपाट धरा आणि हलवू नका. शेजाऱ्याला दिसू नये म्हणून लावलेली प्रायव्हसी काचसुद्धा कोड काळा करते.

महिन्यातून दोन-तीनदा मुंबईत येणं होत असेल तर नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड घ्या. मुंबईत २ए, ७ आणि ३ या मार्गांवर ते चालतं. कार्डात बॅटरीच नसते. गेटवर टेकवलं की गेटच चिपला तेवढ्यापुरती वीज पुरवतं, आणि पैसे कार्डाच्या चिपवरच साठलेले असल्याने मोबाइल, सिम, नेटवर्क यातलं काही लागत नाही. चिपवर जास्तीत जास्त २,००० रुपये ठेवता येतात. यातही एक चूक होते. घरी बसून ऑनलाइन रिचार्ज केलं की पैसे खात्यावर दिसतात, पण चिपवर उतरलेले नसतात. स्टेशनातल्या यंत्रावर किंवा काउंटरवर कार्ड एकदा टेकवून शिल्लक अपडेट करून घ्यावी लागते. खेडहून निघताना पाचशे भरले आणि मुंबईत गेटने शिल्लक कमी दाखवली, तर पैसे कुठे गेले नाहीत. काउंटरवर ‘बॅलन्स अपडेट करा’ एवढं म्हटलं की मिनिटभरात काम होतं.