बोल्टवरचे आकडे मराठीत लिहिताना

कोशात ‘कोर्स थ्रेड’मधल्या ‘कोर्स’ला (coarse) खडबडीत सापडतं आणि मार्गदर्शिकेत ‘खडबडीत आटे’ छापले जातात. वाचणाऱ्याला वाटतं, आटे नीट कापलेले नाहीत! इथे पृष्ठभागाचा संबंधच नाही. ‘मोठे आटे’ आणि ‘बारीक आटे’ लिहा. पिचला ‘पिच’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर’ एवढं सांगा.

M10 म्हणजे १० मिमी व्यासाचा बोल्ट. एवढंच लिहिलं असेल तर पिच १.५ मिमी, म्हणजे मोठे आटे. बारीक असतील तर पिच लिहावाच लागतो: M10×1.25. भाषांतरात हा शेपटाचा आकडा गळला, तर वाचणारा साधा नट आणतो. तो एकदोन फेरे जातो, मग अडकतो. पान्याने रेटला की आटे गेले.

बोल्टच्या डोक्यावरचा 8.8 दशांश नाही. पहिला ८ म्हणजे ताणशक्ती सुमारे ८०० मेगापास्कल; दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० च्या आसपास, बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो. म्हणून ‘आठ पूर्णांक आठ’ नको, आणि ८.८ असं देवनागरीतही नको. बोल्टवर उमटलंय तसंच छापा. दुकानात त्याला ‘ग्रेड’ म्हणतात. ‘प्रॉपर्टी क्लास’चं शब्दशः ‘गुणधर्म वर्ग’ करून मागाल तर काउंटरवरचा माणूस बघतच राहील.