ताळेबंद वाचताना या चुका टाळा: राखीव निधी म्हणजे बँकेतली रोकड नव्हे

सदाशिव पेठेतल्या माझ्या अकाउंट्सच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर एकच काल्पनिक कंपनी येते. चिवडा बनवणारी, छोटीशी प्रायव्हेट लिमिटेड. तिचे दोन वर्षांचे ३१ मार्चचे आकडे असे (लाख रुपयांत):

| | मागचं वर्ष | हे वर्ष |
|---|---|---|
| भागभांडवल | ५ | ५ |
| राखीव निधी व आधिक्य | २ | ३ |
| दीर्घ मुदतीचं कर्ज | ४ | ३ |
| वर्षभरात फेडायचे हप्ते | १ | १ |
| पुरवठादारांची देणी | २ | २ |
| एकूण | १४ | १४ |
| यंत्रं (घसारा वजा जाता) | ८ | ७ |
| मालाचा साठा | २.५ | २.५ |
| ग्राहकांकडून येणी | २ | ४ |
| रोख व बँक | १.५ | ०.५ |
| एकूण | १४ | १४ |

मी विचारतो, "कंपनीला १ लाखाचा हप्ता फेडायचाय. कुठून फेडेल?" अर्धा वर्ग एका सुरात सांगतो, "सर, राखीव निधीतून. ३ लाख आहेत की!"

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण तिचे चटके बसलेले मी पाहिलेत. माझा एक जुना विद्यार्थी बी.कॉम. झाल्यावर भोसरीत वडिलांच्या कारखान्यात बसू लागला. ताळेबंदात राखीव निधी १८ लाख दिसला, म्हणून त्याने नव्या यंत्राची ऑर्डर दिली आणि ६ लाखांच्या ॲडव्हान्सचा चेक फाडला. बँकेत तेव्हा २ लाखसुद्धा नव्हते. चेक परत आला. त्या यंत्रवाल्याशी वडिलांचे १५ वर्षांचे संबंध होते, त्यांना स्वतः जाऊन माफी मागावी लागली. मुलगा हुशार होता, परीक्षेत ताळेबंद झटपट जुळवायचा. पण राखीव निधी देण्यांच्या बाजूला का बसतो, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

तो त्या बाजूला असतो, कारण ती मालकांच्या हक्काची नोंद आहे. आजवर कमावून न वाटलेला नफा किती, एवढंच ती सांगते. तो पैसा आज कोणत्या रूपात आहे, ते मालमत्तेच्या बाजूला शोधायचं. माझी सवय अशी की राखीव निधीशेजारी पेन्सिलीने "कुठे गेला?" असं लिहायचं आणि उत्तर सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आपल्या कंपनीत शोधू. लाभांश दिलेला नाही आणि कर सोपेपणासाठी बाजूला ठेवू. राखीव निधी १ लाखाने वाढला, म्हणजे नफा १ लाख. यंत्रं ८ वरून ७ वर आली, तो १ लाख घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेची नोंद. घसाऱ्यात खिशातून पैसा जात नाही, म्हणून तो नफ्यात परत मिळवायचा. झाले २ लाख. पण येणी २ लाखांनी वाढली, तिथे ते सगळे अडकले. वर कर्जाचा १ लाख फेडला. म्हणून नफा होऊनही बँकेतली शिल्लक १.५ वरून ०.५ वर आली.

दुसरी चूक घाईची: "चालू गुणोत्तर २:१ असलं की कंपनी भक्कम." गाइडमध्ये चौकटीत छापलेलं पाठ करून येतात, आणि हा शॉर्टकट मला मनापासून नावडतो. इथे मागच्या वर्षी साठा, येणी आणि रोख मिळून चालू मालमत्ता ६ लाख, वर्षभरातले हप्ते आणि पुरवठादार मिळून चालू देणी ३ लाख, भागाकार म्हणजे गुणोत्तर २. यंदा ७ भागिले ३, म्हणजे २.३३. गुणोत्तर सुधारलं आणि रोकड एक तृतीयांश उरली! थकलेली उधारीही या गुणोत्तरात रोकडीसारखीच मोजली जाते, म्हणून मी ते काढण्याआधी येण्यांकडे बघतो.

दोन्हीकडे १४ आले म्हणून पेन खाली ठेवू नका. दोन्ही वर्षी १४च होते. आणि वर "रुपये हजारात" की "लाखात" लिहिलंय, ते आधी वाचा.

ताळेबंदासोबतच्या टिपा तर बहुतेक मुलं उघडतही नाहीत. कंपनी कायदा २०१३ च्या परिशिष्ट ३ नुसार येण्यांचं वय टिपेत द्यावं लागतं: देय तारखेपासून ६ महिन्यांच्या आतली, ६ महिने ते १ वर्ष, असे टप्पे. समजा, आपल्या ४ लाखांपैकी २.५ लाख एकाच वितरकाकडे ८ महिने थकलेत. मग भरवशाची येणी १.५ लाख आणि रोख ०.५ लाख, मिळून २ लाख. समोर वर्षभरात द्यायचे ३ लाख. उरलेला १ लाख साठ्यातला चिवडा विकून उभा करायचा, तोही मऊ पडायच्या आत आणि शक्यतो रोखीने.